ईगाचं 32.9 कोटी पौंडांचं गुडविल: पाच वर्षं तोटा, तरी आकडा जागच्या जागी

एखादी कंपनी तुम्ही साधारण 30 कोटी पौंडांना विकत घेतली आणि तिचं गुडविल निघालं 32.9 कोटी. म्हणजे मोजलेल्या पैशापेक्षा गुडविलच जास्त. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला इथे छपाईची चूक वाटते. पण ब्रिटनच्या कॅरिलियन या, पुढे 2018 मध्ये दिवाळखोरीत गेलेल्या, बांधकाम आणि सेवा कंपनीने 2011 मध्ये ईगा ही कंपनी घेतली तेव्हा हेच झालं होतं, आणि हिशेबाच्या नियमांत ते चपखल बसत होतं. पुढच्या पाच वर्षांत ईगाने एकूण 26 कोटी पौंडांचा तोटा केला. 2016 च्या ताळेबंदात मात्र ते 32.9 कोटींचं गुडविल तसंच उभं होतं. मला या प्रकरणात रस आहे तो या दुसऱ्या गोष्टीमुळे. दरवर्षी इम्पेअरमेंटची, म्हणजे मालमत्ता कागदावरच्या किमतीइतकी खरंच उरली आहे का याची, चाचणी सक्तीची असताना हे होतंच कसं?

आधी ईगा काय होती ते थोडक्यात. न्यूकॅसलची ही कंपनी गरीब घरांना थंडीपासून वाचवण्याच्या सरकारी योजना राबवायची: भिंती-छपरांना उष्णतारोधक थर, नवे बॉयलर, हीटिंग. 1990 मध्ये सरकारी अनुदान वाटणारी यंत्रणा म्हणून ती सुरू झाली आणि 2007 मध्ये लंडनच्या बाजारात नोंदली गेली. तिची मिळकत जवळपास सगळी सरकारी धोरणावर उभी होती. 2010 च्या शरद ऋतूत ब्रिटिश सरकारने खर्चकपात जाहीर केली, त्यात ईगाची मुख्य योजना 'वॉर्म फ्रंट' कापली गेली आणि शेअर कोसळला. कॅरिलियनला हीच संधी वाटली. फेब्रुवारी 2011 मध्ये तिने शेअरमागे 120 पेन्स देऊ केले आणि एप्रिलमध्ये व्यवहार पुरा झाला. सरकारी अनुदान गेलं तरी ऊर्जाबचत आणि घरांवरचे सौर पॅनेल हा पुढचा मोठा धंदा आहे, असा हिशेब होता.

आता गुडविल. बारावीच्या पुस्तपालनात आपण त्याला 'ख्याती' म्हणायचो आणि सरासरी नफा गुणिले अमुक वर्षं असं काढायचो. कंपनी संपादनात तसं काही काढत नाहीत. तिथे गुडविल हा उरलेला आकडा असतो. विकत घेतलेल्या कंपनीची प्रत्येक ओळखता येणारी मालमत्ता आणि प्रत्येक देणं त्या दिवशीच्या रास्त मूल्याने मांडायचं. त्यात जमीन, गाड्या, येणी असतात, तसेच पूर्वी ताळेबंदात नसलेले ग्राहकांचे करार, ब्रँड, सॉफ्टवेअरही असतात. देणी वजा करून जे उरेल ती निव्वळ मालमत्ता. दिलेल्या किमतीतून ती वजा केली की राहतं ते गुडविल.

ब्रिटिश संसदेच्या समित्यांनी नंतर जे आकडे मांडले त्यानुसार कॅरिलियनने ईगासाठी 29.8 कोटी पौंड मोजले आणि गुडविल नोंदलं 32.9 कोटी. उलट वजाबाकी केली तर ईगाची निव्वळ मालमत्ता उणे 3 कोटींच्या आसपास येते. देणी मालमत्तेपेक्षा जास्त होती. किंमत तर दिलीच, वर हा खड्डाही अंगावर घेतला, म्हणून गुडविल किमतीपेक्षा फुगलं. कॅरिलियनच्या बाबतीत हे एकदाच घडलं असंही नाही. 2006 मध्ये मोलेम ही कंपनी 35 कोटींना घेतली तेव्हा गुडविल 43.1 कोटी निघालं, आणि 2008 मध्ये अल्फ्रेड मॅकअल्पाइन 56.5 कोटींना घेतली तेव्हा 61.5 कोटी. तीन मोठ्या खरेद्या, आणि तिन्ही वेळा हाती आलेली कंपनी निव्वळ मालमत्तेच्या हिशेबाने उणे. एवढं एक कोष्टक मांडलं असतं तरी कुठल्याही बँकेच्या पतविभागाने भुवया उंचावल्या असत्या.

पूर्वी बऱ्याच ठिकाणी गुडविल ठरावीक वर्षांत हप्त्याहप्त्याने खर्ची टाकायची पद्धत होती. आंतरराष्ट्रीय मानकांत 2004 पासून ते बंद झालं. आता गुडविलवर घसारा नाही. त्याऐवजी आयएएस 36 या मानकानुसार वर्षातून किमान एकदा चाचणी घ्यायची, आणि मध्येच काही बिघडल्याची चिन्हं दिसली तर तेव्हाही. आपल्याकडचं इंड एएस 36 हे त्याचंच रूप आहे, कलमांचे क्रमांकही तेच, त्यामुळे पुढचं सगळं पुण्या-मुंबईतल्या नोंदणीकृत कंपनीलाही तसंच्या तसं लागू होतं.

चाचणीचा गाभा साधा आहे. एका पारड्यात पुस्तकी किंमत, म्हणजे गुडविल आणि त्या व्यवसायाची बाकी निव्वळ मालमत्ता. दुसऱ्या पारड्यात त्या व्यवसायातून वसूल होऊ शकणारी रक्कम. ही रक्कम दोन प्रकारे काढता येते: आज विकला तर विक्रीखर्च जाऊन काय येईल, किंवा चालवत राहिलो तर पुढे येणाऱ्या रोख रकमेचं आजचं मूल्य किती. दोन्हीपैकी जी जास्त ती धरायची. पुस्तकी किंमत तिच्यापेक्षा मोठी असेल तर फरक नफातोटा पत्रकात तोटा म्हणून टाकायचा. हा तोटा आधी गुडविल खातो, ते संपलं तर बाकी मालमत्तेवर जातो. आणि एकदा कमी केलेलं गुडविल पुढे धंदा कितीही सुधारला तरी परत वाढवता येत नाही. ही शेवटची अट व्यवस्थापनाला तोटा लांबवण्याचं एक चांगलं कारण पुरवते, हे नियम करणाऱ्यांनाही ठाऊक आहे.

रोख रकमेचं आजचं मूल्य काढताना काय होतं ते आकड्यांत पाहू. हे आकडे समजण्यासाठी मी घेतलेले आहेत, ईगाचे खरे अंदाज नव्हेत. समजा गुडविल 33 कोटी आणि बाकी निव्वळ मालमत्ता 5 कोटी, म्हणजे पुस्तकी किंमत 38 कोटी. व्यवस्थापन म्हणतं की पुढल्या पाच वर्षांत अनुक्रमे 1, 2, 3, 3, 3 कोटी रोख येईल आणि नंतर ती दरवर्षी 2 टक्क्यांनी कायम वाढत राहील. सूट दर, म्हणजे भविष्यातला रुपया आज कितीचा हे सांगणारा दर, 10 टक्के धरू.

पहिल्या पाच वर्षांचं आजचं मूल्य येतं 8.7 कोटी. त्यानंतरच्या 'कायमच्या' वर्षांचं मूल्य येतं 23.8 कोटी. एकूण 32.5. पुस्तकी किंमत 38 आहे, म्हणून साडेपाच कोटींचं इम्पेअरमेंट. आता पाहा, एकूण मूल्यातला जवळपास तीन-चतुर्थांश भाग सहाव्या वर्षापासून पुढचा आहे, जो कुणीच पाहिलेला नाही. सूट दर 10 ऐवजी 9 टक्के करा. मूल्य होतं 37.4 कोटी, आणि तोटा साडेपाचवरून 60 लाखांवर येतो. वाढीचा दरही 2 ऐवजी अडीच टक्के करा. मूल्य 39.7 कोटी, तोटा शून्य. धंद्यात काहीही बदललेलं नाही. एक्सेलमधल्या दोन खणांतले आकडे बदलले.

म्हणूनच मानकाने इथे काही कुंपणं घातली आहेत. अंदाज सहसा पाच वर्षांपलीकडे नेऊ नयेत. पुढची वाढ त्या देशाच्या किंवा उद्योगाच्या दीर्घकालीन सरासरीपेक्षा जास्त धरू नये. ज्या पुनर्रचनेला कंपनी अजून बांधील नाही तिच्यातून होणारी बचत मोजू नये. मागच्या अंदाजांशी प्रत्यक्षात काय झालं ते ताडून पाहावं. यातलं शेवटचं मला सगळ्यात उपयोगी वाटतं, आणि ऑडिटच्या कामात सगळ्यात कमी जोर त्याच्यावर दिसतो. दरवर्षी नवा आलेख येतो: यंदा सपाट, पुढल्या वर्षी सपाट, आणि तिसऱ्या वर्षापासून हॉकीच्या काठीसारखा वर. तीन वर्षांपूर्वीची फाइल काढली की तीच काठी तीन वर्षं मागे सरकलेली सापडते.

ईगाच्या बाबतीत चिन्हं दिसायला फार वेळ लागला नाही. व्यवहार होऊन जेमतेम सहा महिने झाले असताना, 31 ऑक्टोबर 2011 ला, ब्रिटिश सरकारने घरगुती सौर विजेचा दर युनिटमागे 43.3 पेन्सवरून 21 पेन्सवर आणण्याचा प्रस्ताव मांडला. छपरावर फुकट पॅनेल बसवून त्या दरातून पैसे काढायचे, हा बेत एका दिवसात कोलमडला. नोव्हेंबरमध्ये कॅरिलियनने ऊर्जासेवेतल्या सुमारे 4,500 कामगारांना नोकऱ्या धोक्यात असल्याचं कळवलं. पुढे 2013 मध्ये 'ग्रीन डील' नावाची कर्जयोजना आली. तिला लोकांनी फारसा प्रतिसाद दिला नाही आणि 2015 मध्ये सरकारने तिचा निधी थांबवला. ईगाचं नाव तोवर कॅरिलियन एनर्जी सर्व्हिसेस झालं होतं आणि तोटा साचत होता.

आयएएस 36 मध्ये बिघाडाची जी चिन्हं दिली आहेत, त्यात कायद्यात किंवा बाजारात मोठा प्रतिकूल बदल आहे, आणि कामगिरी अपेक्षेपेक्षा वाईट असल्याचा अंतर्गत पुरावाही आहे. इथे दोन्ही होते. तरी गुडविल हललं नाही. अंदाज किती आशावादी होते हा प्रश्न आहेच, पण माझ्या मते खरी मेख त्याच्या आधीच्या पायरीत आहे. चाचणी कशावर घ्यायची?

गुडविल स्वतः रोख कमवत नाही. त्यामुळे ते एखाद्या रोख कमावणाऱ्या गटाला वाटून द्यावं लागतं. असा गट म्हणजे इतरांवर फारसं अवलंबून न राहता पैसे आणणारी मालमत्तांची सर्वांत छोटी जुळणी, ज्याला कामात सगळे सीजीयू म्हणतात. गुडविलसाठी मात्र मानक एक सवलत देतं. व्यवस्थापन ज्या सर्वांत खालच्या पातळीवर गुडविलवर लक्ष ठेवतं तिथे चाचणी घ्यायची, फक्त ती पातळी एका ऑपरेटिंग सेगमेंटपेक्षा, म्हणजे कंपनीच्या एका व्यवसाय-विभागापेक्षा, मोठी नको. मोठ्या कंपनीत एक सेगमेंट म्हणजे अनेक कंपन्यांचा समुदाय असू शकतो. कॅरिलियनमध्ये ईगाचा धंदा 'सपोर्ट सर्व्हिसेस' या भागात मिसळला गेला. त्यात इमारतींची देखभाल, रस्त्यांची निगा, रुग्णालयांच्या सेवा असे कितीतरी करार होते. व्यवहाराचं समर्थनच असं होतं की सगळं एकत्र केल्याने फायदा होईल, मग गुडविलही एकत्र धरणं ओघाने आलं.

मघाचंच उदाहरण पुढे नेऊ. घेतलेल्या कंपनीची पुस्तकी किंमत 38 कोटी. ज्या गटात ती टाकली, त्याच्या बाकी धंद्यांची पुस्तकी किंमत 90 कोटी आणि वसूल होऊ शकणारी रक्कम 140 कोटी. बाकी धंदे वर्षानुवर्षं स्वतःच्या बळावर उभे राहिलेले असतात. त्यांनी स्वतः कमावलेलं गुडविल ताळेबंदात कधी नोंदलं जात नाही, म्हणून पुस्तकी किंमत आणि वसूल होणारी रक्कम यांच्यात ही 50 कोटींची ऊब आपोआप तयार होते. आता दोन्ही एकत्र करा. पुस्तकी किंमत 128 कोटी. वसूल होणारी रक्कम, नवी कंपनी अगदी शून्य रुपयांची झाली असं धरलं तरी, 140 कोटी. चाचणी पास, वर 12 कोटी शिल्लक. नवी कंपनी बुडाली, ती घेण्याचा निर्णय चुकला, आणि चाचणीने नियमाप्रमाणेच उत्तर दिलं की सगळं ठीक आहे. यात कुणाला खोटा अंदाजही करावा लागला नाही.

आंतरराष्ट्रीय मानक मंडळ याला ढालीचा परिणाम म्हणतं: बाकी धंद्यांची ऊब नव्या गुडविलपुढे ढालीसारखी उभी राहते. मार्च 2024 मध्ये मंडळाने जो मसुदा काढला त्यात गुडविल कुठल्या पातळीला वाटायचं याचा मजकूर अधिक नेमका करण्याचा प्रस्ताव आहे. शिवाय मोठ्या संपादनांच्या बाबतीत कंपनीने सुरुवातीला कोणती उद्दिष्टं ठरवली होती आणि पुढे ती गाठली का, हे टिपांत सांगावं असंही म्हटलं आहे. ईगाबद्दल असं वर्षागणिक छापावं लागलं असतं, तर चर्चा 2018 ऐवजी 2012 मध्येच झाली असती, असं मला वाटतं. त्याच मसुद्यात पुनर्रचनेतली बचत न मोजण्याचं कुंपण काढायचाही प्रस्ताव आहे. त्याबद्दल मी साशंक आहे.

मग बाहेरून पाहणाऱ्याला काही दिसलं असतं का? बऱ्यापैकी दिसलं असतं, पण इम्पेअरमेंटच्या टिपेत नव्हे. उपकंपनीचे स्वतःचे हिशेब वेगळे दाखल होतात. ब्रिटनमध्ये ते कंपनीज हाऊस या सरकारी नोंदणी कार्यालयात कुणालाही पाहता येतात, आणि ईगाच्या उपकंपनीचा तोटा तिथे मिसळलेला नसतो. आपल्याकडे तर काम आणखी सोपं आहे. एकत्रित ताळेबंदाबरोबर जोडलेल्या एओसी-1 या विवरणात प्रत्येक उपकंपनीचा नफा-तोटा, एकूण मालमत्ता आणि एकूण देणी दिलेली असतात. वार्षिक अहवालाच्या शेवटच्या पानांत हे कोष्टक दडलेलं असतं. ज्या कंपनीमुळे गुडविल आलं ती त्यात शोधायची आणि सलग चार-पाच वर्षांची ओळ लिहून काढायची. गुडविल तेवढंच आणि ही ओळ सतत लाल असेल, तर कुठल्या तरी ढालीमागे ते लपलं आहे हे समजावं.

दुसरी जागा म्हणजे मूळ कंपनीचा स्वतंत्र ताळेबंद. तिथे गुडविल नसतं, उपकंपनीतली गुंतवणूक असते, आणि तिची चाचणी त्या उपकंपनीपुरती वेगळी घ्यावी लागते. बाकी धंद्यांची ऊब तिथे सहज कामाला येत नाही. ब्रिटनमध्ये लाभांश किती देता येतो हे मूळ कंपनीच्या स्वतःच्या खात्यावर ठरतं, त्यामुळे हा आकडा खाली आला तर त्याची झळ भागधारकांना थेट लागते.

शेअर बाजारही एक चिन्ह मानला आहे: कंपनीचं बाजारमूल्य निव्वळ मालमत्तेच्या खाली गेलं तर चाचणी घ्या. कॅरिलियनमध्ये या घंटेने दगा दिला. 2016 अखेर तिची निव्वळ मालमत्ता सुमारे 73 कोटी पौंड होती. शेअर सुमारे 43 कोटी आणि जुलै 2017 च्या सुरुवातीला भाव 190 पेन्सच्या आसपास, म्हणजे बाजारमूल्य 80 कोटींच्या वर. घंटा वाजली नाही, कारण बाजारही त्याच छापलेल्या आकड्यांवर विसंबून होता. त्या 73 कोटींत 157 कोटींचं एकूण गुडविल होतं. ते बाजूला काढलं तर उरतात उणे 84 कोटी.

हिशेब 1 मार्च 2017 ला प्रसिद्ध झाले, ऑडिटर केपीएमजीच्या स्वच्छ अहवालासह. त्या वर्षाचा लाभांश 7.9 कोटी पौंड, कंपनीच्या इतिहासातला सर्वांत मोठा. 10 जुलैला कंपनीने करारांवर 84.5 कोटींची तरतूद जाहीर केली आणि शेअर तीन दिवसांत सत्तर टक्के पडला. सप्टेंबरच्या अर्धवार्षिक निकालांत गुडविलवर 13.4 कोटींचं इम्पेअरमेंट आलं. करारांवरचा तोटा उघड झाला तेव्हा कुठे एकूण गुडविलचा आकडा हलला. म्हणजे चाचणीने सांगितलं ते वर्तमानपत्रांनी छापून झाल्यावर.

एक समज मात्र दुरुस्त करायला हवा, कारण या प्रकरणावर बोलताना तो हमखास पुढे येतो. कॅरिलियन गुडविलमुळे बुडाली नाही. इम्पेअरमेंट ही रोख रक्कम नाही. 2012 मध्येच ईगाचं गुडविल पुसून टाकलं असतं तरी बँकेतला एक पौंडही कमी झाला नसता. कंपनीला मारलं ते तोट्यातल्या करारांनी, पुरवठादारांना थकवून चालवलेल्या रोखीने आणि कर्जाने. गुडविलने केलं ते इतकंच की निव्वळ मालमत्ता धन दिसत राहिली. त्या धन आकड्यावर कर्ज देणाऱ्यांनी, ठेके देणाऱ्या सरकारी खात्यांनी आणि पेन्शन विश्वस्तांनी आपापले निर्णय घेतले.

15 जानेवारी 2018 ला कंपनी दिवाळखोरीत गेली तेव्हा तिच्याकडे 2.9 कोटी पौंड रोख होते आणि देणी जवळपास 700 कोटींची. त्या वर्षी मे महिन्यात संसदेच्या दोन समित्यांचा संयुक्त अहवाल आला. ईगाच्या तोट्याचे 26 कोटी आणि गुडविलचे 32.9 कोटी हे दोन आकडे तिथे एका अहवालात छापले गेले. त्याआधी ते सगळ्यांना पाहता येत होते, पण वेगवेगळ्या कंपन्यांच्या वेगवेगळ्या हिशेबांत.